दोन प्लेटांमधला अस्थिर श्यान प्रवाह, एक्स्प्लिसिट पद्धत आणि Δt ची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांना मी संध्याकाळी संगणकीय द्रवगतिकी शिकवतो. दर सत्रात पहिली असाइनमेंट एकच असते: दोन समांतर प्लेटांमध्ये तेल आहे, खालची प्लेट एकदम सरकू लागते, तेलाचा वेग कसा वाढत जातो ते काढा. दर सत्रात फोनवर येणारे प्रश्नही जवळपास तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरे एकाच उदाहरणावर बेतली आहेत, त्यामुळे पहिला प्रश्न आधी वाचा. बाकीचे हवे तसे वाचता येतील.

१. सर, असाइनमेंटमध्ये नेमकं काय सोडवायचं आहे? आकडे कोणते घ्यायचे?

दोन लांबरुंद आडव्या प्लेटा, मध्ये १० मिलिमीटरची फट, फटीत तेल. तेलाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ν = 1e-4 m²/s, म्हणजे १०० सेंटिस्टोक घ्या. आयएसओ व्हीजी १०० ग्रेडच्या तेलाची ४० अंश सेल्सिअसला हीच असते. सुरुवातीला सगळे शांत आहे. t = 0 ला खालची प्लेट एकदम १ मीटर प्रति सेकंद वेगाने सरकू लागते, वरची जागची हलत नाही.

प्लेटा लांब असल्यामुळे प्रवाहाच्या दिशेने काहीच बदलत नाही आणि वर-खाली वेग नाही. नेव्हिअर-स्टोक्स समीकरणातली बहुतेक पदे त्यामुळे गळून पडतात आणि एवढेच उरते:

```
du/dt = nu * d2u/dy2
```

हे उष्णतावहनाचेच समीकरण आहे, फक्त तापमानाच्या जागी वेग आहे. प्लेटला चिकटलेला थर आधी सरकतो, तो वरच्या थराला ओढतो, तो त्याच्या वरच्याला. संवेग असा थराथराने वर झिरपतो. शेवटी वेग खाली १ आणि वर ० असा सरळ रेषेत बसतो, तोच स्थिर कुएट प्रवाह.

किती वेळ लागेल याचा अंदाज h²/ν वरून बांधता येतो. इथे तो बरोबर १ सेकंद येतो, म्हणूनच हे आकडे निवडले आहेत. प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदातच मधल्या बिंदूचा वेग अंतिम ०.५ च्या एक टक्क्याच्या आत येतो. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मशीनच्या स्लाइडखाली ०.१ मिलिमीटरची तेलाची फिल्म असेल, तर हाच हिशेब सेकंदाच्या दहाहजाराव्या भागावर येतो. म्हणून तिथे कोणी अस्थिर प्रवाह सोडवत बसत नाही, थेट स्थिर उत्तर वापरतात.

२. एक्स्प्लिसिट सूत्र लिहिता येतं, पण ते करतं काय ते कळत नाही. हाताने करून दाखवाल का?

फटीचे १० समान भाग करा. Δy = १ मिलिमीटर आणि नोड ११, खालून ० ते १०. वेळेत पुढचा फरक आणि जागेत मध्यवर्ती फरक घेतला की प्रत्येक आतल्या नोडसाठी असे मिळते:

```
u_new[j] = d*u[j-1] + (1 - 2*d)*u[j] + d*u[j+1]
d = nu*dt/dy^2
```

उजवीकडचे सगळे आकडे जुन्या वेळेचे असतात. कुठलेही समीकरण एकत्र सोडवावे लागत नाही, म्हणून ही पद्धत एक्स्प्लिसिट.

आपल्या आकड्यांना d = 100·Δt पडतो. Δt = ०.००४ सेकंद घेतला तर d = ०.४, आणि नवा वेग म्हणजे खालच्या शेजाऱ्याचा ०.४ वाटा, स्वतःचा ०.२ आणि वरच्या शेजाऱ्याचा ०.४.

पहिल्या पायरीत फक्त पहिला नोड हलतो, कारण फक्त त्याचाच शेजारी हलता आहे. त्याचा वेग ०.४ होतो. दुसऱ्या पायरीत त्याचा वेग 0.4×1 + 0.2×0.4 = 0.48 आणि दुसऱ्या नोडचा 0.4×0.4 = 0.16. तिसऱ्या पायरीत तीन नोड जागे झालेले असतात: ०.५६, ०.२२४ आणि ०.०६४. दर पायरीला हालचाल एकच नोड वर चढते, हे डोक्यात पक्के ठेवा. नवव्या प्रश्नात याच खुणेने एक चूक पकडायची आहे.

ही तीन पायऱ्यांची गणिते वहीत केल्याशिवाय कोडला हात लावू नका, असे मी वर्गात सांगतो. कोडची पहिली तपासणी याच आकड्यांशी करायची असते.

३. कोड किती मोठा लागतो?

एवढा:

```python
import numpy as np
nu, h, U, N = 1e-4, 0.01, 1.0, 10
dy = h/N
dt = 0.004
d = nu*dt/dy**2
u = np.zeros(N+1); u[0] = U
for n in range(25):
    u[1:-1] = u[1:-1] + d*(u[2:] - 2*u[1:-1] + u[:-2])
print(d, u[N//2])
```

२५ पायऱ्या म्हणजे ०.१ सेकंद. मधल्या नोडचा वेग ०.२६७४ यायला हवा. तेवढा आला नाही तर पुढे जाऊ नका, आधी चूक शोधा.

४. d ०.५ पेक्षा जास्त नको, असं पुस्तकात आहे. पण का? ०.५ च का?

दुसऱ्या प्रश्नातले सूत्र पुन्हा पाहा. नवा वेग हा तीन जुन्या वेगांची सरासरी आहे आणि वजने d, 1−2d, d आहेत. त्यांची बेरीज नेहमी १. तिन्ही वजने शून्य किंवा धन असतील तोवर नवा वेग जुन्या तिघांतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या वेगाच्या मधेच पडतो. प्लेट १ ने सरकते आहे, मग तेल १ पेक्षा वेगाने पळूच शकत नाही आणि उलटेही जाऊ शकत नाही. d ०.५ च्या पुढे गेला की मधले वजन ऋण होते. नोडचा स्वतःचा जुना वेग त्याच्याच विरोधात मोजला जाऊ लागतो आणि ही हमी जाते.

Δt = ०.०१ घेऊन d = १ करा. आता वजने १, −१, १ आहेत. पहिल्या पायरीत पहिला नोड १ होतो. दुसऱ्यात तो शून्यावर येतो आणि दुसरा नोड १ होतो. तिसऱ्यात पहिला नोड २, दुसरा −१, तिसरा १. तीन पायऱ्यांत तेल प्लेटच्या दुप्पट वेगाने धावते आहे आणि लगतचा थर उलटा चालला आहे. कुठल्याही तेलात असे होत नाही.

याचा भौतिक अर्थही लावता येतो. d ≤ 1/2 ही अट √(2νΔt) ≤ Δy अशीही लिहिता येते. डावीकडे Δt वेळात संवेग साधारण किती दूर पसरतो ते अंतर आहे. आपले सूत्र एका पायरीत फक्त लगतच्या नोडकडे पाहते. खऱ्या तेलात संवेग त्यापलीकडे पोहोचत असेल, तर सूत्राला ते कळण्याचा मार्गच नाही.

आपल्या ग्रिडवर म्हणून Δt ची मर्यादा ०.००५ सेकंद.

५. तोंडी परीक्षेत फॉन नॉयमन विश्लेषण विचारतात. थोडक्यात कसं सांगायचं?

चुकीचा एक तरंग घ्या, ज्याचा शेजारच्या नोडांमधला कलाफरक θ आहे. तो सूत्रात घातला की दर पायरीला त्याची उंची या पटीने बदलते:

```
G = 1 - 4*d*sin^2(theta/2)
```

|G| एकपेक्षा जास्त नको. G कधीच १ च्या वर जात नाही, धोका फक्त −१ च्या खाली जाण्याचा. तो सर्वांत जास्त θ = π ला, म्हणजे नोडागणिक वर-खाली-वर-खाली होणाऱ्या करवतीसारख्या तरंगाला. तिथे G = 1−4d, आणि ते −१ च्या वर ठेवायचे तर d ≤ 1/2.

G ऋण असतो, हेही सांगा. म्हणून बिघाड नुसता वाढत नाही, दर पायरीला चिन्हही बदलतो.

६. प्लेटचा वेग दहापट केला तर Δt कमी करावा लागेल का? कुरांट नंबरचं काय?

नाही. या समीकरणात संवहनाचे पदच उरलेले नाही, त्यामुळे कुरांट नंबर इथे लागू होत नाही. समीकरण रेषीय आहे. प्लेटचा वेग दहापट केला की सगळे उत्तर दहापट होते, d तसाच राहतो. ही गल्लत फार जणांची होते, कारण १९२८ च्या कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांच्या निबंधातली अट आधी शिकवली जाते आणि मुले ती सगळीकडे लावतात.

Δt वर ताबा आहे तो व्हिस्कॉसिटीचा, आणि तोही अनेकांना उलटा वाटतो: द्रव जितका घट्ट, तितका Δt लहान. याच ग्रिडवर पाण्याला (ν सुमारे 1e-6) अर्ध्या सेकंदाची पायरी चालेल. पण त्यावर खूश होऊ नका. पाण्याचा रेनॉल्ड्स नंबर Uh/ν इथे १०,००० येतो, प्रवाह खवळेल आणि वरचे साधे समीकरणच लागू राहणार नाही. गणना स्थिर असेल आणि उत्तर तरीही पाण्याचे नसेल. तेलासाठी हाच नंबर १०० आहे, तिथे काळजी नाही.

७. ग्रिड दुप्पट बारीक केली आणि प्रोग्राम बिघडला. आधी तर चालत होता?

Δy वर्गात आहे. २१ नोड केले की Δy अर्धा होतो आणि Δt ची मर्यादा चौथाई: ०.००१२५ सेकंद. तुम्ही Δt तसाच ठेवला असणार, म्हणजे d = १.६.

d तोच ०.४ ठेवायचा तर Δt = ०.००१ घ्या आणि ०.१ सेकंदासाठी १०० पायऱ्या चालवा. नोड दुप्पट आणि पायऱ्या चौपट, म्हणजे काम आठपट. मोबदल्यात मधल्या नोडचे उत्तर ०.२६७४ वरून ०.२६३९ वर येते. अनंत श्रेणीने काढलेले अचूक उत्तर ०.२६२८ आहे. चूक ०.००४६ वरून सुमारे ०.००१२ वर आली, म्हणजे चौथाई. दुसऱ्या कोटीची पद्धत म्हणतात ती हीच.

कोडमध्ये Δt हाताने लिहू नका. d लिहा आणि त्यावरून Δt काढा, म्हणजे ग्रिड बदलली तरी ही चूक होणारच नाही.

८. माझा d ०.५१ आहे, तरी काहीच फुटत नाही. मर्यादा खरी आहे का?

खरी आहे, पण हा प्रश्न मला फार आवडतो. पाचव्या प्रश्नातले θ = π हे टोक अनंत ग्रिडसाठी आहे. तुमच्या ग्रिडच्या दोन्ही टोकांना वेग बांधलेला आहे, त्यामुळे N भागांवर बसू शकणारा सर्वांत तीव्र तरंग θ = (N−1)π/N चा असतो. त्यावरून खरी मर्यादा अशी येते:

```
d_max = 1 / (2*cos^2(pi/(2N)))
```

N = १० ला ही ०.५१२५ आहे. तुमचा ०.५१ त्याच्या आत बसतो. पण N = २० ला मर्यादा ०.५०३१ होते, आणि तोच ०.५१ तिथे फुटतो. एका मुलीने मला दोन्ही आलेख पाठवले होते, ११ नोडचा नीट आणि २१ नोडचा विस्कटलेला, d दोन्हीकडे तोच. ती दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत होती. चूक नव्हतीच.

तरी ०.५१ वापरू नका. ११ नोडांवर करवती तरंगाचा G −०.९९ आहे, म्हणजे तो निम्मा व्हायलाच ७० पायऱ्या लागतात. तोवर त्याचे दाते उत्तरावर दिसत राहतात. अगदी ०.५ लाही एक वेगळेपण दिसते: मधले वजन शून्य असल्यामुळे नोड स्वतःचा जुना वेग विसरतो आणि पहिला नोड ०.५, ०.५, ०.६२५, ०.६२५ असा जोडीजोडीने चढतो. स्थिर आहे, पण वेळेतला आलेख जिन्यासारखा. मी स्वतः ०.४ च्या वर जात नाही.

९. माझा d ०.८ असूनही प्रोग्राम सुरळीत चालतो आणि शेवटी सरळ रेषाही येते. मग?

मग तुमचे लूप बहुधा असे आहे:

```python
for j in range(1, N):
    u[j] = u[j] + d*(u[j+1] - 2*u[j] + u[j-1])
```

इथे u[j-1] आधीच नवा झालेला आहे. तुम्ही जुना आणि नवा वेग मिसळत आहात. तिसऱ्या प्रश्नातल्या कोडमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे उजवी बाजू पूर्ण मोजून झाल्यावरच डावीकडे लिहिले जाते.

या चुकीची वाईट गोष्ट म्हणजे ती स्वतःला लपवते. अशा मिसळलेल्या सूत्राची स्थिरतेची मर्यादा d = १ पर्यंत सरकते, त्यामुळे काही फुटत नाही. स्थिर अवस्थाही बरोबर येते, कारण बदल थांबल्यावर जुना आणि नवा वेग एकच असतो. चुकते ते नेमके आपल्याला हवे असलेले, मधल्या वेळेचे उत्तर. टेलर विस्तार करून पाहिला तर हे सूत्र ν ऐवजी ν/(1−d) व्हिस्कॉसिटीचे समीकरण सोडवते. d = ०.४ ला तेल १.६७ पट घट्ट, ०.८ ला पाचपट. Δt बदलला की तेलच बदलते, आणि ग्रिड कितीही बारीक केली तरी d तोच असेल तर ही चूक कमी होत नाही.

ओळखायचे कसे? एकच पायरी चालवा आणि सगळे नोड छापा. बरोबर कोडमध्ये फक्त पहिला नोड हललेला असतो. चुकीच्या कोडमध्ये d = ०.४ ला ०.४, ०.१६, ०.०६४ अशी रांग थेट वरपर्यंत गेलेली दिसते. उपाय सोपा: लूपच्या आधी `uo = u.copy()` करा आणि उजवीकडे सगळीकडे uo वापरा.

१०. प्रोग्राम फुटतोय हे आकडे मोठे होण्याआधी कसं कळेल?

d = ०.६ चे पहिले आकडे पाहा. पहिला नोड: ०.६, ०.४८, ०.७२, ०.५८५६. प्लेट एकाच वेगाने ओढते आहे, मग तिच्याजवळचे तेल मधेच मंदावेल कशाला? ही पहिली खूण. चौथ्या पायरीला तिसरा नोड ०.०८६४ आणि चौथा ०.१२९६ असतो, म्हणजे प्लेटपासून लांबचा थर जवळच्यापेक्षा वेगवान. ही दुसरी. विसाव्या पायरीपर्यंत दात्यांची उंची ५ मीटर प्रति सेकंदाच्या वर जाते, तेव्हा कोणालाही दिसतेच.

फसवतो तो मर्यादेच्या जरासा वरचा d. ०.५२ ला करवती तरंग दर पायरीला फक्त १.०२९ पटीने वाढतो. सुरुवातीला त्याची उंची ०.०१६ असते, पन्नास पायऱ्यांनंतर ०.०७, शंभरनंतर ०.२८, दोनशेनंतर जवळपास ५. पन्नास पायऱ्यांवर थांबून आलेख जर्नलला लावला तर तो किंचित खडबडीत पण ठीक वाटतो. म्हणून लहान धावेवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पायरीनंतर सगळे वेग ० ते १ च्या आत आहेत का, आणि खालून वर उतरते आहेत का, एवढे तपासणारी एक ओळ कोडमध्ये कायम ठेवा.

११. सुरुवातीला वेग झपाट्याने बदलतो, नंतर जवळजवळ थांबतो. मग नंतर Δt वाढवला तर चालेल ना?

असे वाटणे स्वाभाविक आहे, पण चालत नाही. मर्यादा उत्तर किती बदलते आहे यावर नसून ग्रिडवर कोणता तरंग बसू शकतो यावर आहे. तो तरंग उत्तरात दिसत नसला तरी संगणकाच्या पूर्णांकनाच्या चुकीत, सोळाव्या दशांशाच्या आसपास, नेहमी असतो.

स्वतः करून पाहा: सुरुवातच अचूक सरळ रेषेपासून करा आणि d = ०.६ ठेवा. बदलण्यासारखे काहीच नाही. तरी दर पायरीला १.३४ पट वाढत तो सूक्ष्म तरंग सव्वाशे-दीडशे पायऱ्यांत प्लेटच्या वेगाएवढा होतो. वर्गात पडद्यावर हे दाखवतो तेव्हा शंभर पायऱ्या रेषा हलत नाही आणि मग एकदम उसळते.

नंतरच्या काळात मोठी पायरी खरोखर हवी असेल, तर क्रँक आणि निकोल्सन यांची १९४७ ची इम्प्लिसिट पद्धत घ्या. दर पायरीला तीन कर्णांची समीकरणे सोडवावी लागतात, पण Δt वर स्थिरतेची मर्यादा राहत नाही. एकदम सुरू झालेल्या प्लेटला मात्र तिथेही फार मोठ्या Δt ने दाते येतात. फुटत नाहीत, पण लवकर विरतही नाहीत.

१२. d = १/६ घेतला तर उत्तर फार अचूक येतं, असं ऐकलं. मला तर फारसा फरक दिसला नाही.

ऐकले ते बरोबर आहे. d = 1/6 ला वेळेतली आणि जागेतली मुख्य चूक एकमेकींना खोडतात आणि पद्धत चौथ्या कोटीची होते. Δt = १/६०० सेकंद आणि ६० पायऱ्या घेऊन ०.१ सेकंदाला ०.२६४७ मिळतो. ०.२६७४ पेक्षा बरा, पण ०.२६२८ पासून अजून लांबच.

उरलेली चूक सूत्रातली नाही, सुरुवातीच्या क्षणातली आहे. t = 0 ला प्लेटचा वेग ० वरून १ वर उडी मारतो. त्या क्षणाला ग्रिडवर कोणता आकडा लिहायचा? आपण सरळ १ लिहितो. त्याऐवजी फक्त पहिल्या पायरीपुरते दोन्हींची सरासरी, ०.५, लिहा आणि दुसऱ्या पायरीपासून १:

```python
u[0] = 0.5*U if n == 0 else U
```

ही ओळ लूपमध्ये, वेग बदलणाऱ्या ओळीच्या आधी येते. आता मधला नोड ०.२६२८ देतो, अचूक उत्तराशी चारही दशांश जुळतात, आणि तेही अवघ्या ११ नोडांवर. कारण असे की ग्रिड ती उडी शेजारच्या दोन बिंदूंमधली एक उतरण म्हणून वाचते, आणि अर्धा आकडा लिहिला की प्रत्येक तरंगाचा सुरुवातीचा वाटा खऱ्या श्रेणीतल्या वाट्याशी जुळतो. पहिल्या तरंगाचा वाटा नुसत्या १ ने ०.६३१४ येतो, अर्ध्याने ०.६३६६, आणि खरा 2/π म्हणजे ०.६३६६ च आहे.

१३. जागेत मध्यवर्ती फरक घेतो, मग वेळेतही मध्यवर्ती घेतला तर जास्त अचूक होणार नाही का?

कागदावर होतो, संगणकावर कधीच चालत नाही. रिचर्डसनने १९१० मध्ये हीच पद्धत वापरली होती. त्यातल्या प्रत्येक तरंगाला दोन G मिळतात, त्यांचा गुणाकार −१ असतो, म्हणून एकाचे मान नेहमी १ पेक्षा मोठे. Δt कितीही लहान घ्या, ती अस्थिरच. मधल्या u[j] च्या जागी आधीच्या आणि नंतरच्या वेगाची सरासरी घातली तर ती वाचते. ती ड्यूफोर्ट-फ्रँकेल पद्धत, १९५३ ची. पण तिच्यात Δt हा Δy च्या मानाने लहान ठेवला नाही तर ती वेगळेच समीकरण सोडवू लागते.

१४. दाब-उतार असेल, किंवा ग्रिड असमान असेल, तर मर्यादा बदलते का?

स्थिर दाब-उतार असेल तर नाही. ते पद वेगावर अवलंबून नाही, चुकीच्या समीकरणात ते येतच नाही. दहाव्या प्रश्नातली ० ते १ ची तपासणी मात्र तेव्हा लागू राहत नाही.

असमान ग्रिडला प्रत्येक नोडसाठी खालचे आणि वरचे अंतर घ्या. Δt त्यांच्या गुणाकाराला 2ν ने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठा नको, आणि सगळ्यांतला सर्वांत लहान Δt सर्वांना लागू. प्लेटजवळ ग्रिड बारीक केली की त्या दोन-तीन नोडांची किंमत अख्खी फट मोजते.

१५. उन्हाळ्यात चाललेला प्रोग्राम जानेवारीत फुटला. Δt तोच, ग्रिड तीच. असं कसं?

हा प्रश्न एका कारखान्यात चाचणी-मांडणीवर काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्याचा. तो तेलाचे मोजलेले तापमान प्रोग्रामला देत होता आणि प्रोग्राम त्यावरून ν काढत होता. एप्रिलच्या दुपारी तेल ४० अंशांच्या आसपास होते, ν = 1e-4, Δt = ०.००४, d = ०.४. जानेवारीच्या सकाळी पुण्यात तेल २० अंशांच्याही खाली असते. व्हीजी १०० तेलाची व्हिस्कॉसिटी तेव्हा ४० अंशांच्या मानाने दुपटीहून अधिक होते. d आपोआप ०.८ च्या वर गेला.

त्याने Δt एकदाच ठरवून फाइलमध्ये लिहून ठेवला होता. आता त्याचा प्रोग्राम दर धावेला ν वरून Δt काढतो. फटीत तापमान थराथराला वेगळे असेल तर सर्वांत थंड थराची, म्हणजे सर्वांत मोठी ν घ्यायची. अशा वेळी समीकरणही बदलते: व्हिस्कॉसिटी विकलनाच्या आत राहते आणि दोन नोडांच्या मधल्या जागेवर मोजावी लागते. तिला बाहेर काढून पहिल्याच प्रश्नातले समीकरण वापरले, तर दोन थरांमधला ताण दोन्ही बाजूंनी सारखा येत नाही, आणि स्थिर अवस्थेत खालच्या आणि वरच्या प्लेटवरचे कर्षण जुळत नाही. ते दोन आकडे शेजारी छापून पाहिले की लगेच कळते.